एक कान गातो, दुसरा गप्प

गप्प झालेला इअरबड डबीतून बाहेर काढा, कानात घाला आणि फोनला हात न लावता तीन-चार सेकंद ऐका. बहुतेक इअरबड डबीबाहेर येताच एखादा छोटा सूर काढतात किंवा ‘पॉवर ऑन’सारखं काहीतरी बोलतात. तो आवाज फोनकडून येत नसतो, इअरबडच्या स्वतःच्या चिपमध्ये साठवलेला असतो. म्हणून तो ऐकू आला, तर बॅटरीत जीव आहे, चिप जागी आहे आणि कानाशी असलेला इवलासा स्पीकर धड आहे, हे एका झटक्यात कळतं. अशा वेळी वस्तू बिघडलेली नसते. बिघडलेली असते ती जोडणी, आणि ती बहुतेकदा घरच्या घरी, एक पैसाही न खर्चता दुरुस्त होते.

हा सूर आलाच नाही, तर इअरबडवरचा बारीक दिवा पाहा. दिवा लागतो पण आवाज नाही, म्हणजे संशय स्पीकरवर किंवा त्याच्यापुढच्या जाळीवर. दिवाही लागत नाही, म्हणजे त्या बाजूला चार्जिंगच पोचत नाही. काही महागड्या इअरबडना स्वतःचा दिवा नसतो, पण त्यांच्या बाबतीत फोनच्या पडद्यावर दोन्ही बाजूंची बॅटरी वेगवेगळी दिसते. तिथे एका बाजूचा आकडाच नसेल, तर अर्थ तोच.

‘एका साइडचा आवाज येत नाही’ या एकाच तक्रारीमागे असे तीन वेगवेगळे आजार असतात. पण आपण सहसा तिन्हींवर एकच औषध देतो: फोनच्या ब्लूटूथ यादीतून इअरबडचं नाव काढून टाकायचं आणि पुन्हा जोडायचं. पुष्कळदा त्यानंतरही उजवा गातो आणि डावा गप्पच राहतो. असं का होतं हे समजलं, तर रीसेट कसं करायचं आणि त्यातल्या पायऱ्यांचा क्रम का मोडायचा नाही, हे आपोआप समजतं.

एका जोडीत दोन जोडण्या

वायरच्या हेडफोनमध्ये डाव्या-उजव्याचा प्रश्न तारेनेच सोडवलेला होता. बिनतारी इअरबडमध्ये ही सोय नाही. ब्लूटूथवरून गाणी पाठवण्याची जी जुनी आणि आजही सर्वाधिक वापरातली पद्धत आहे, तिच्यात फोन एका वेळी एकाच उपकरणाला गाणं पाठवतो. दोन सुटे इअरबड म्हणजे फोनच्या लेखी दोन उपकरणं. मग गाणं दोन्हीकडे जातं कसं?

कंपन्यांनी त्यावर युक्ती काढली. दोघांपैकी एक मुख्य होतो आणि फोनशी फक्त तोच बोलतो. दुसरा दुय्यम. काही जोड्यांत मुख्य इअरबड गाण्यातला दुसऱ्या कानाचा भाग पुढे पाठवतो. काहींत दुय्यम इअरबड फोन आणि मुख्य यांच्यातलं संभाषण गुपचूप ऐकतो आणि आपला भाग त्यातून उचलतो. वर्गात फळा न दिसणाऱ्या मुलाने शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहावं, तसं. पद्धत कुठलीही असो, दुय्यमाला मुख्य कोण हे ठाऊक असावं लागतं. दोघांच्या चिपमध्ये एकमेकांची ओळख नोंदवलेली असते, ती यासाठीच.

म्हणजे जोडण्या दोन आहेत. पहिली फोन आणि इअरबड यांच्यातली. ती आपल्याला यादीत दिसते. दुसरी डाव्या-उजव्यातली, आणि ती कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. फोनमधून नाव काढून टाकलं की पहिली जोडणी पुसली जाते, दुसरीला धक्काही लागत नाही. डावा-उजवा एकमेकांना विसरलेले असतील, तर फोन कितीही वेळा जोडला तरी त्याला एकच इअरबड भेटतो. ही दुसरी जोडणी पुसून नव्याने बांधायची, तर इअरबडचं रीसेट करावं लागतं.

२०२२ साली पूर्ण झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या नव्या ब्लूटूथ पद्धतीत फोन दोन्ही कानांना थेट, वेगवेगळा प्रवाह पाठवू शकतो. पण त्यासाठी फोन आणि इअरबड दोन्ही त्या पद्धतीचे असावे लागतात. आज आपल्या हातात असलेल्या बऱ्याच जोड्या मुख्य-दुय्यमाच्याच हिशोबाने चालतात.

डावा गेला कुठे?

शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या इअरबडचं उदाहरण पाहू. साधी, बारा-तेराशे रुपयांची जोडी. उजवा व्यवस्थित, डावा मुका. तिने फोनमधून नाव काढून पुन्हा जोडून पाहिलं होतं, फरक शून्य. ‘आता नवीनच घ्यावे लागणार,’ असं तिचं ठरत आलं होतं.

आधी वर सांगितलेली परीक्षा. डावा बाहेर काढल्यावर कानात सूर आला, दिवाही लागला. म्हणजे चार्जिंग ठीक, स्पीकर ठीक. मग उजवा डबीत ठेवून झाकण लावलं आणि डावा एकटाच बाहेर ठेवला. उजवा बंद होताच फोनवरचं ‘कनेक्टेड’ गेलं, पण डावा फोनला जोडला गेला नाही. निरोगी जोडीत यांतला कुठलाही एक, दुसरा डबीत असताना एकट्याने काम करतो. इथे डाव्याला हा फोन ओळखीचाच वाटत नव्हता. तरीही त्याचा दिवा जोडणी शोधत असल्यासारखा लुकलुकत नव्हता. तो कुठेतरी जोडला गेल्यासारखा शांत होता.

मग प्रश्न विचारला: हे इअरबड आणखी कोणी वापरले होते का? उत्तर आलं, बाबांनी. त्यांना फोनवर बोलायचं होतं म्हणून त्यांनी एकच इअरबड उचलला आणि आपल्या फोनला जोडला. उजवा तेव्हा डबीत होता. बाबांच्या फोनची ब्लूटूथ यादी उघडली, तर त्याच नावापुढे ‘कनेक्टेड’. त्यांच्या फोनवर गाणं लावलं आणि मुका डावा गाऊ लागला! तो बिघडला नव्हता. पलीकडच्या खोलीतल्या फोनशी जोडलेला बसला होता.

या प्रकाराची आणखी एक खूण म्हणजे ब्लूटूथ शोधताना यादीत एकच नाव दोनदा दिसणं, किंवा नावामागे L आणि R लागलेल्या दोन नोंदी दिसणं. जुळलेली जोडी साधारणपणे एकाच नावाने हजर होते. दोन नावं दिसली, तर दोघं एकमेकांना विसरून आपापला फोन शोधत आहेत असं समजावं. फोन, लॅपटॉप, टीव्ही अशा अनेक ठिकाणी जोडलेल्या इअरबडमध्ये हे जास्त घडतं. डबीतून एक काढून पुष्कळ वेळाने दुसरा काढणं, जोडणी चालू असतानाच एकाची बॅटरी संपणं, अॅपमधून अपडेट होत असताना झाकण लागणं, यांनीही हीच गत होऊ शकते.

रीसेट: पायऱ्या आणि त्यांचा क्रम

त्या मुलीच्या इअरबडवर काय केलं ते क्रमाने सांगतो. दिव्यांचे रंग आणि सेकंद कंपनीनुसार बदलतात, क्रम मात्र जवळपास सगळीकडे हाच असतो.

पहिली पायरी चार्जिंगची. दोन्ही इअरबड डबीत ठेवून डबी अर्धा तास चार्जिंगला लावली. एकाची बॅटरी तळाला गेलेली असेल, तर रीसेट मध्येच अडकतं आणि दोघांपैकी एकच पुसला जातो.

दुसरी पायरी विसरण्याची. मुलीच्या आणि बाबांच्या, दोन्ही फोनमध्ये ब्लूटूथ यादीतल्या त्या नावावर जाऊन Forget किंवा Unpair केलं. नुसतं Disconnect करून भागत नाही, कारण त्याने ओळख पुसली जात नाही. मग दोन्ही फोनचं ब्लूटूथ बंद केलं. लोक नेमकी हीच पायरी गाळतात. ब्लूटूथ चालू राहिलं, तर इअरबड जागे होताच फोन त्यांच्यातल्या एकाला पकडतो, आणि डाव्या-उजव्याला एकमेकांना शोधायला उसंतच मिळत नाही.

तिसरी पायरी पुसण्याची. दोन्ही इअरबड बाहेर काढून दोन्हींच्या स्पर्श करायच्या जागेवर एकाच वेळी बोट दाबून धरलं. साधारण दहा सेकंदांनी दोन्ही दिवे दोनदा लाल लागले. बोट चार-पाच सेकंदांतच उचललं, तर इअरबड नुसता बंद होतो, रीसेट होत नाही. दिव्याची खूण मिळेपर्यंत धीर धरायचा. काही जोड्यांत हे काम इअरबड डबीतच ठेवून, डबीवरचं बटण दाबून होतं. काहींत पाच वेळा लागोपाठ टिचकी मारावी लागते. डबीसोबत आलेल्या चिठ्ठीत हे लिहिलेलं असतं. चिठ्ठी हरवली असेल, तर डबीवरचा मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या संकेतस्थळावर ते पान शोधावं.

चौथी पायरी त्या न दिसणाऱ्या जोडणीची. दोन्ही इअरबड डबीत ठेवले, झाकण लावलं, दहा-पंधरा सेकंद थांबलो. मग झाकण उघडून दोन्ही एकदमच बाहेर काढले आणि शेजारी शेजारी टेबलावर ठेवले. सुरुवातीला दोन्ही दिवे लुकलुकत होते. थोड्याच वेळात डाव्याचा दिवा विझला आणि उजवा एकटाच लुकलुकत राहिला. हाच जोडी जमल्याचा पुरावा: डाव्याने दुय्यम होणं मान्य केलं आणि फोन शोधण्याचं काम उजव्यावर सोपवलं. दोन्ही दिवे सारखेच लुकलुकत राहिले, तर जोडी जमलेली नाही. तेव्हा फोनकडे वळू नये, तिसऱ्या पायरीपासून पुन्हा करावं.

पाचव्या पायरीला मुलीच्या फोनचं ब्लूटूथ चालू केलं. यादीत आता एकच नाव होतं. त्यावर बोट ठेवलं, परवानगी दिली आणि ‘कनेक्टेड’ हा शब्द दोन्ही कानांत ऐकू आला. बाबांचा फोन त्यानंतर जोडायचा, आणि तोही दोन्ही इअरबड बाहेर असताना.

अॅपलच्या एअरपॉड्समध्ये क्रम असाच आहे, फक्त बटण डबीवर असतं. दोन्ही एअरपॉड डबीत ठेवून झाकण तीस सेकंद बंद ठेवायचं, मग उघडून आयफोनच्या ब्लूटूथ यादीत Forget This Device करायचं. त्यानंतर झाकण उघडंच ठेवून डबीच्या मागचं बटण सुमारे पंधरा सेकंद, दिवा आधी पिवळसर केशरी आणि मग पांढरा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. अलीकडच्या काही एअरपॉड्सच्या डबीला मागे बटण नसतं. तिथे डबीच्या पुढच्या बाजूला टिचक्या मारायच्या असतात. सॅमसंगच्या गॅलक्सी बड्सचं रीसेट Galaxy Wearable अॅपमधून होतं.

दिवाच लागत नसेल तेव्हा

सूर नाही आणि दिवाही नाही, अशा इअरबडवर रीसेटचा काही उपयोग नाही. इथे दोष बहुधा चार्जिंगच्या टोकांत असतो. इअरबडच्या पोटाशी पिवळसर धातूचे दोन-तीन ठिपके असतात, आणि डबीच्या खाचेत त्यांना टेकणाऱ्या, स्प्रिंगवर खालीवर होणाऱ्या बारीक पिना. या दोघांमध्ये घामाचा, तेलाचा किंवा मळाचा पातळ थर बसला, तरी वीज अडते. घाम टिकून राहिला, तर धातूवर हिरवट किंवा काळपट डाग पडतात. पळायला जाताना किंवा पावसाळ्यात वापरलेले इअरबड न पुसता डबीत ठेवले, की हे हमखास होतं.

स्वच्छतेसाठी कापसाची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावं. काडी नुसती ओलसर हवी, थेंब गळता कामा नये. आधी इअरबडचे ठिपके पुसावेत, मग डबीतल्या पिना हलक्या हाताने. पिन दाबल्यावर स्प्रिंगने वर येते का तेही पाहावं. आतच अडकलेली पिन त्या बाजूला कधीच चार्जिंग देणार नाही. डाग चिवट असेल, तर कोरड्या, मऊ टूथब्रशने घासावं. चाकू, पॉलिश पेपर यांच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यांनी वरचा पातळ मुलामा निघतो आणि धातू आणखी लवकर खराब होतो. दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यावं आणि मग दोन्ही इअरबड तासभर डबीत ठेवावेत. महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये पडून बॅटरी तळाला गेलेली असेल, तर पहिल्या काही मिनिटांत दिवा लागेलच असं नाही.

दोन कारणं मात्र पुसून जात नाहीत, ती डोळ्यांनीच शोधावी लागतात. एक म्हणजे नव्या जोडीवरची पारदर्शक प्लास्टिकची चिकटपट्टी. दुकानातून येताना चार्जिंगचे ठिपके तिने झाकलेले असतात आणि एका बाजूची काढायची राहून जाते. दुसरं म्हणजे बदललेली रबरी टोपणं. कानात घट्ट बसावीत म्हणून मोठ्या मापाची घातली, की इअरबड खाचेत पूर्ण टेकत नाही. झाकण लागतं, पण आत वीज पोचत नाही. टोपण काढून इअरबड ठेवल्यावर दिवा लागला, तर चोर सापडला.

आवाज येतो, पण अगदी खोलातून

तिसरा प्रकार म्हणजे दिवा लागतो, फोन दोन्ही बाजू जोडलेल्या दाखवतो, पण एका बाजूने आवाज पुटपुटल्यासारखा येतो किंवा येतच नाही. इथे आधी फोनला निर्दोष ठरवावं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींच्या Settings मध्ये Accessibility या विभागात ऐकण्याच्या सोयींखाली डाव्या-उजव्या आवाजाचा तोल ठरवणारी एक पट्टी असते. चुकून बोट लागून ती एका टोकाला सरकली असेल, तर कुठलाही हेडफोन एकाच कानात वाजेल. ती मधोमध आणावी. दुसऱ्या फोनवरही ऐकून पाहावं, आणि गाणंही बदलावं. १९६० च्या दशकातल्या काही स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत गायकाचा आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला ठेवलेली आहेत. त्या गाण्यांत एक कान मध्येच रिकामा वाटणं हा इअरबडचा दोष नव्हे.

फोन निर्दोष निघाला, तर रबरी टोपण काढून उजेडात जाळी पाहावी. कानातला मळ तिथे मेणासारखा बसतो. इअरबड जाळी खाली येईल असा उलटा धरून कोरड्या, मऊ ब्रशने हलके झाडावं, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडेल. सुई किंवा टाचणी घातली, तर मळ आणखी आत ढकलला जातो आणि जाळीमागचा पातळ पडदा फाटू शकतो. अल्कोहोल चार्जिंगच्या ठिपक्यांसाठी. जाळीवर ते ओतू नये. टोपणं मात्र खुशाल साबणाच्या पाण्याने धुवावीत, पण पूर्ण सुकल्यावरच लावावीत.

आवाज गायब न होता तुटत-तुटत येत असेल, आणि तेही मोकळ्या मैदानावर, तर फोन कुठल्या खिशात आहे ते पाहावं. ब्लूटूथच्या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात. घरात त्या भिंतींवर आपटून वळसा घालून दुसऱ्या कानापर्यंत पोचतात, मैदानावर तशी सोय नसते. फोनचा खिसा बदलून फरक पडला, तर रीसेट करण्याचं कारणच उरत नाही.

कुठे थांबायचं

सूर येत होता, रीसेट झालं, तरी जोडी जमली नाही, असंही घडतं. क्रम पाळून दोनदा करूनही दोन्ही दिवे वेगवेगळेच लुकलुकत राहिले, तर थांबावं. एकाचं आतलं सॉफ्टवेअर दुसऱ्यापेक्षा जुनं राहिलेलं असू शकतं. कंपनीचं अॅप असेल, तर दोन्ही इअरबड चार्ज करून एक अपडेट करून पाहावं. पाण्यात पडलेला, धुण्याच्या मशीनमधून निघालेला किंवा स्वच्छतेनंतरही दिवा न लागणारा इअरबड घरी सुधारत नाही. त्याचं कवच डिंकाने बंद केलेलं असतं आणि आत शेंगदाण्याएवढी लिथियम बॅटरी असते. ते उचकटताना बॅटरीला भोक पडलं, तर ती पेट घेऊ शकते.

हरवलेल्या किंवा मेलेल्या बाजूसाठी कुणाकडून तरी जुना सुटा इअरबड घ्यायचा मोह आवरावा. तंतोतंत त्याच मॉडेलचा असला, तरी स्वस्त जोड्यांत तो जुन्या जोडीदाराला सोडून नव्याला स्वीकारेल याची खात्री नसते. अॅपलसारख्या काही कंपन्या एकच बाजू बदलून देतात. अशी बदली बाजू आणली, तरी ती दोघांसह डबीत ठेवून वरच्यासारखं रीसेट करावंच लागतं.

वॉरंटीची मुदत उरली असेल, तर सेवा केंद्रात जाताना दोन्ही इअरबड, डबी आणि बिल सोबत घ्यावं. डाव्या-उजव्याची जोडी तिथेही एकत्रच तपासावी लागते. ‘एका साइडचा आवाज येत नाही’ एवढंच सांगितलं, की समोरचा माणूसही आधी रीसेटच करतो, आणि दोष अधूनमधून येणारा असेल, तर त्या दिवशी सगळं ठीक दिसून जोडी तशीच परत मिळते. म्हणून घरी केलेल्या परीक्षेचा निकाल सांगावा: सूर येतो का, दिवा लागतो का, दुसऱ्या फोनवर काय झालं, रीसेटनंतर दिवे कसे लुकलुकले. हे सगळं एका छोट्या व्हिडिओत टिपून ठेवलं, तर ‘आमच्याकडे तर चालतोय’ या वाक्याला उत्तर तयार असतं.